दिवे लागले की सेन्सर गप्प: पॉलिहाउसमधला रेडिओ गोंगाट शोधणे आणि काढणे

शेवंतीला कळ्या लवकर धरू नयेत म्हणून वाढीच्या काळात मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावतात. पूर्वी त्यासाठी पिवळे बल्ब असत, आता ९ ते १२ वॉटचे एलईडी बल्ब असतात. वीज वाचते, पण ज्या पॉलिहाउसमध्ये तापमान, आर्द्रता आणि मातीच्या ओलाव्याचे वायरलेस सेन्सर आहेत तिथे एक ठरावीक तक्रार सुरू होते: दिवसभर सगळे नोड नीट बोलतात आणि रात्री दिवे लागले की लांबचे दोन-तीन गायब होतात. बाजूचे पडदे गुंडाळणाऱ्या २४ व्होल्टच्या मोटरी चालू झाल्या तरी तेच, फक्त मिनिट-दोन मिनिटांपुरतं.

इथे आपण ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झच्या परवानामुक्त पट्ट्यातले लोरा नोड, म्हणजे लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओवर आकडे पाठवणारे सेन्सर, आणि दाराजवळच्या पॅनलमध्ये बसवलेला रिसीव्हर धरून चालू. आरएफएम९५ किंवा एसएक्स१२७६ चिपवरचं कुठलंही मोड्यूल असेल तर खालची पद्धत जशीच्या तशी लागू होते.

आधी रोग ओळखा

नोड गायब झाला की बहुतेक जण नोडची बॅटरी बदलतात, मग अँटेना, मग ट्रान्समिट पॉवर वाढवतात. बिघाड मात्र बहुधा रिसीव्हरच्या टोकाला असतो. नोडचा सिग्नल जेवढा होता तेवढाच पोचतो आहे, पण रिसीव्हरभोवतीचा गोंगाट वाढल्यामुळे तो त्यात बुडतो.

हे ओळखायला प्रत्येक पॅकेटबरोबर दोन आकडे नोंदवा: आरएसएसआय, म्हणजे रिसीव्हरला मिळालेली शक्ती, आणि एसएनआर, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती वर किंवा खाली आहे. लोराच्या प्रचलित आर्डुइनो लायब्ररीत ते `LoRa.packetRssi()` आणि `LoRa.packetSnr()` यांतून मिळतात. दिवे लागल्यावर एसएनआर घसरला आणि आरएसएसआय तेवढाच राहिला, किंवा किंचित वाढला, तर गोंगाट नक्की. आरएसएसआय वाढतो याचं कारण असं की सिग्नल गोंगाटाखाली असताना चिप त्या पट्ट्यातली एकूण शक्ती मोजते आणि तिच्यात गोंगाटही आला. अशा वेळी खरा सिग्नल हवा असेल तर एसएनआरचा ऋण आकडा आरएसएसआयमध्ये मिळवायचा: आरएसएसआय -१०६ आणि एसएनआर -५ असेल तर सिग्नल -१११ डीबीएम.

हा खरा सिग्नलच पडत असेल तर कारण वेगळं आहे. रात्री पानांवर आणि प्लास्टिकवर दव साचतं आणि त्यानेही सिग्नल काही डीबी कमी होऊ शकतो. दोन्हीतला फरक कळायला रात्रीच, दव असतानाच, दिवे दहा मिनिटं बंद करून बघा. लगेच नोड परत आले तर दवाचा दोष नाही.

किती डीबीने किती पल्ला जातो याचा अंदाज असावा. उंचावर, मोकळ्या हवेत ६ डीबी गोंगाट वाढला की पल्ला निम्मा होतो. जमिनीलगत, पिकाच्या उंचीवर ठेवलेल्या अँटेनांना निम्मं व्हायला साधारण १२ डीबी लागतात, कारण तिथे सिग्नल मुळातच अंतराबरोबर फार वेगाने पडतो. स्प्रेडिंग फॅक्टर म्हणजे लोराचा सिग्नल वेळेत किती पसरवायचा याचा आकडा; तो ९ असताना लोरा -१२.५ डीबी एसएनआरपर्यंत पॅकेट उलगडते. लांबच्या नोडचा एसएनआर दिवसा -४ असेल आणि दिव्यांमुळे गोंगाट १२ डीबी वाढला, तर तो -१६ वर जातो आणि नोड पूर्ण गप्प होतो. जवळच्या नोडचा +३ वरून -९ होतो आणि तो निर्धास्त बोलत राहतो. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला फक्त 'रेंज कमी झाली' एवढंच दिसतं.

स्प्रेडिंग फॅक्टर वाढवून हे निस्तरता येईल असं वाटतं. ९ वरून १२ वर गेलात तरी हाती येतात ७.५ डीबी, आणि पॅकेट हवेत जवळपास सातपट वेळ राहतं, म्हणजे नोडची बॅटरी तेवढी जास्त खर्च होते. गोंगाट मुळात काढणं स्वस्त पडतं.

मोजण्याचं साधन

स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर नसला तरी चालेल. तुमचाच रिसीव्हर गोंगाट मोजू शकतो. नोड बंद ठेवून हा छोटा प्रोग्रॅम चालवा:

```
#include <SPI.h>
#include <LoRa.h>
void setup() {
  Serial.begin(115200);
  LoRa.begin(866100000);
  LoRa.setSignalBandwidth(125E3);
  LoRa.receive();
}
void loop() {
  long sum = 0; int peak = -200;
  for (int i = 0; i < 1000; i++) {
    int r = LoRa.rssi();
    sum += r;
    if (r > peak) peak = r;
    delay(1);
  }
  Serial.print(sum / 1000.0);
  Serial.print("  ");
  Serial.println(peak);
}
```

`866100000` च्या जागी तुमची फ्रीक्वेन्सी टाका. दर सेकंदाला दोन आकडे येतील, सरासरी आणि शिखर. दोन्ही बघायचे, कारण एलईडी ड्रायव्हरचा गोंगाट सलग नसतो. विजेच्या लाटेबरोबर सेकंदाला १०० वेळा त्याचे झटके येतात आणि सरासरीत ते दबून जातात. सरासरी आणि शिखर यांत १० डीबीहून जास्त फरक आणि तोही फक्त दिवे चालू असताना, ही त्याची खूण. आकडा स्वतः फार अचूक नसतो, पण चालू आणि बंद यांतला फरक विश्वासाचा असतो.

चाचणीत बोर्डाला वीज कुठून देता याला फार महत्त्व आहे. पॉवर बँक नको, तिच्या आतला कन्व्हर्टर स्वतःच गोंगाट करतो. लॅपटॉप जोडणार असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा आणि यूएसबी केबल अँटेनापासून लांब धरा. त्याहून चांगलं म्हणजे लिथियमचा एक सेल, साधा लिनियर रेग्युलेटर आणि आकडे दाखवायला छोटा डिस्प्ले.

आणखी एक वस्तू आणा: अँटेनाच्या जागी बसणारी ५० ओहमची एसएमए टोपी. किंमत किरकोळ, पण निदानाचा अर्धा भाग तिच्यावर आहे. अँटेना काढून टोपी लावल्यावरही गोंगाट तसाच राहिला, तर तो हवेतून येत नाही. तो वायरीतून किंवा थेट बोर्डावर शिरतो आहे. टोपी लावताच आकडा खाली आला, तर तो अँटेनातून येतो.

एक उदाहरण, आकड्यांसकट

२० गुंठ्यांचं पॉलिहाउस धरू. पत्र्याच्या पॅनलमध्ये १२ व्होल्टची एसएमपीएस, ५ व्होल्टसाठी बक मोड्यूल, त्यावर लोरा रिसीव्हर, आणि अँटेना पॅनलच्या डोक्यावर. तिथून अर्ध्या मीटरवर दिव्यांच्या माळेतला पहिला बल्ब.

सगळे एमसीबी बंद, बोर्ड सेलवर, अँटेना जागेवर: सरासरी -१०९. हा आपला पाया. आता पॅनल चालू केलं, बोर्ड अजून सेलवरच: -१०६. दिवे लावले: सरासरी -९७, शिखर -८४. म्हणजे पायापासून १२ डीबी गेले. दिवे चालूच ठेवून अँटेनाच्या जागी टोपी: -१०८. हवेतून येणारा वाटा मोठा आहे हे इथे कळलं. शेवटी टोपी तशीच ठेवून बोर्ड पॅनलच्या ५ व्होल्टवर घेतला: -१०३. म्हणजे वीजपुरवठ्यातूनही सुमारे ५ डीबी शिरत आहेत.

दोन वाटा, आणि दोन्ही बंद करायच्या. क्रम महत्त्वाचा आहे: जी वाट मोठी ती आधी. लहान वाटेवर कितीही फेराइट चढवले तरी मोठी वाट उघडी असेपर्यंत एकूण आकड्यात फरक दिसत नाही, आणि लोक 'फिल्टरचा उपयोग नाही' म्हणून ते काढून टाकतात.

अँटेना हलवणे

सगळ्यात जास्त फायदा अंतरातून मिळतो. एकाच बल्बचा विचार केला तर अर्ध्या मीटरवरून चार मीटरवर गेल्यावर १८ डीबी कमी व्हायला हवेत. प्रत्यक्षात तेवढे मिळत नाहीत, कारण जवळचा बल्ब मागे पडला की लांबच्या पन्नास बल्बांची बेरीज वर येते, आणि दिव्यांची वायरही थोडी अँटेनासारखी वागते. वरच्या उदाहरणात ७ ते ८ डीबीची अपेक्षा ठेवावी.

अँटेना छताच्या वर, पाइपच्या उभ्या तुकड्यावर घ्या. जीआय पाइपपासून निदान ३५ सेंटिमीटर लांब आणि उभी ठेवा. ८६६ मेगाहर्ट्‌झला एक तरंगलांबी एवढीच असते. पाइपला चिकटून बांधलेली अँटेना एका दिशेला जवळजवळ आंधळी होते. दिव्यांची वायर ज्या पाइपवरून नेली आहे त्याच पाइपवर अँटेनाची केबल बांधू नका. दोन्ही ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

केबल बारीक आरजी-१७४ नको, तिच्यात मीटरमागे जवळपास १ डीबी जातो. आरजी-५८ ला साधारण अर्धा. चार मीटरपर्यंत आरजी-५८ चालते. त्याहून लांब जायचं असेल तर रिसीव्हर बोर्डच प्लास्टिकच्या आयपी६५ डब्यात घालून वर न्या आणि खाली आरएस-४८५ ची जोडी व डीसी वीज आणा. मला ही दुसरी रचना जास्त आवडते, कारण त्यात रेडिओ पॅनलमधल्या कॉन्टॅक्टर, रिले आणि एसएमपीएसपासूनही सुटतो.

रेडिओचा वीजपुरवठा

बक मोड्यूल दीडशे किलोहर्ट्‌झच्या आसपास चालतं, मग त्याचा ८६६ मेगाहर्ट्‌झशी काय संबंध? संबंध स्विचिंगच्या कडांचा आहे. कड जितकी तीव्र तितकी तिची घंटी वर शेकडो मेगाहर्ट्‌झपर्यंत ऐकू येते, आणि लोरा रिसीव्हर इतका संवेदनशील आहे की त्याला तेवढं पुरतं.

बक ५ व्होल्ट देऊ द्या, पण रेडिओचे ३.३ व्होल्ट स्वतंत्र लिनियर रेग्युलेटरमधून घ्या. रेग्युलेटर आणि मोड्यूल यांच्यामध्ये एक फेराइट बीड घाला, १०० मेगाहर्ट्‌झला ६०० ओहम आणि निदान ५०० मिलिअँपिअरची. रेडिओ पाठवताना १२० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, आणि कमी क्षमतेची बीड प्रवाहाने भरली की तिचा अडथळा नाहीसा होतो. बीडनंतर, मोड्यूलच्या बाजूला, तीन कपॅसिटर: १० मायक्रोफॅरड, १०० नॅनोफॅरड आणि ४७ पिकोफॅरड.

शेवटचा छोटा कपॅसिटर बहुतेक ठिकाणी नसतो, आणि इथे कामाचा तोच आहे. प्रत्येक कपॅसिटरमध्ये थोडं इंडक्टन्स असतं, त्यामुळे १०० नॅनोफॅरडचा तुकडा काही दहा मेगाहर्ट्‌झच्या वर कपॅसिटर राहतच नाही. ०६०३ आकाराचा ४७ पिकोफॅरडचा सिरॅमिक मात्र ८००-९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास सर्वात कमी अडथळा दाखवतो. तो मोड्यूलच्या वीज पिनला आणि शेजारच्या ग्राउंड पिनला थेट चिकटवा. एक सेंटिमीटर पायाला साधारण १० नॅनोहेन्री धरा; ८६६ मेगाहर्ट्‌झला ते पन्नासेक ओहम झाले. एवढा अडथळा मध्ये आला की कपॅसिटर नसल्यातच जमा. लांब पायांचे कपॅसिटर लावून 'फिल्टर टाकला' म्हणण्यात अर्थ नाही.

बदल करून पुन्हा टोपी लावा आणि मोजा. टोपीवरचा आकडा सेलवरच्या आकड्याच्या एका डीबीच्या आत आला की ही वाट बंद झाली.

बल्ब

स्वस्त बल्बच्या आत इनपुटचा फिल्टर बऱ्याचदा नावालाच असतो. शिवाय दिव्यांच्या उपकरणांसाठीचं सीआयएसपीआर १५ हे मानक २०१८ च्या आवृत्तीपूर्वी हवेतला गोंगाट ३०० मेगाहर्ट्‌झपर्यंतच मोजायला सांगत असे. त्या आवृत्तीत मर्यादा १ गिगाहर्ट्‌झपर्यंत नेली. म्हणजे जुन्या आवृत्तीने पास झालेला बल्ब ८६६ वर कोणी तपासलेलाच नसू शकतो. खोक्यावरचा शिक्का बघून इथे निवड करता येत नाही.

बल्ब स्वतः तपासा. सेलवरचा बोर्ड टेबलावर, बल्ब होल्डरमध्ये अँटेनापासून बरोबर ५० सेंटिमीटरवर, आणि चालू-बंद यांतला फरक. वेगवेगळ्या कंपन्यांच्या एकाच वॉटच्या बल्बांत मोठा फरक निघतो. पाच मिनिटं चालू ठेवून मगच आकडा घ्या, गरम झाल्यावर ड्रायव्हरचं वागणं बदलतं. सगळ्या माळा बदलायची गरज नाही. अँटेनापासून पाच मीटरच्या आतले बल्ब आधी बदला, बाकीचे जळतील तसे.

फेराइट लावायचे तर कुठे आणि कोणते हे नीट कळायला हवं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकाच मण्यातून एकत्र न्यायच्या आणि मणी बल्बच्या होल्डरला टेकवून लावायचा. वायरीच्या दुसऱ्या टोकाला लावला तर मधली सगळी वायर गोंगाट फेकतच राहते. लॅपटॉपच्या केबलवर दिसणारे मणी बहुतेक ३०० मेगाहर्ट्‌झपर्यंतच्या कामाचे असतात. फेअर-राइटच्या भाषेत ४३ नव्हे तर ६१ क्रमांकाचं मटेरियल मागा, ते २०० ते १००० मेगाहर्ट्‌झसाठी आहे. वायरीचे मण्यातून दोन-तीन फेरे घेण्याची सवय कमी फ्रीक्वेन्सीला बरोबर आहे; ८६६ ला फेऱ्यांमधली कपॅसिटन्स गोंगाटाला वळसा घालून देते, म्हणून एकच फेरा. एका मण्याकडून ६ ते १० डीबींपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. जवळच्या पाच-सहा बल्बांना ते पुरतं.

दिव्यांच्या फीडरवर बसवायचा तयार ईएमआय फिल्टर मिळतो, धातूच्या डबीत. तो ३० मेगाहर्ट्‌झच्या खालचा गोंगाट पॅनलमध्ये परत येऊ देत नाही. त्याने पॅनलमधल्या वायर्ड सेन्सरचे आकडे स्थिर होतात, पण ८६६ वरचा हवेतला गोंगाट त्याने जाणार नाही. बसवायचाच तर त्याची डबी रंग खरवडलेल्या पॅनलच्या पत्र्यावर सरळ घट्ट बसवा. हिरव्या वायरीच्या लांब शेपटीवर लटकवलेला फिल्टर अर्धाच काम करतो. घरी जुळणी करायची असेल तर फेज-न्यूट्रलमध्ये फक्त एक्स२ आणि अर्थिंगकडे जाणारे फक्त वाय२ वर्गाचे कपॅसिटर. त्या जागी साधा सिरॅमिक फुटला तर पॅनलचा पत्रा जिवंत होऊ शकतो. २३० व्होल्टचं हे काम एमसीबी बंद करून, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

पडद्याच्या मोटरी

२४ व्होल्टच्या गुंडाळ-मोटरी बहुधा ब्रशवाल्या असतात. ब्रश कम्युटेटरवर घासताना प्रत्येक कप्प्याला ठिणगी पडते आणि ठिणगीचा गोंगाट सहज १ गिगाहर्ट्‌झपर्यंत पसरतो. त्याला उगमापाशीच अडवावं लागतं.

मोटरचं मागचं झाकण उघडा. दोन टर्मिनलमध्ये १०० नॅनोफॅरडचा एक आणि प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या धातूच्या अंगाला १ नॅनोफॅरडचा एकेक, असे तीन सिरॅमिक कपॅसिटर, सगळे १०० व्होल्ट एक्स७आर. पाय ५ मिलिमीटरच्या आत. अंगावरचा रंग खरवडून मगच झाळा. त्यानंतर प्रत्येक वायरीत १० मायक्रोहेन्रीचा चोक, मोटर अडकली असतानाच्या प्रवाहाला पुरेल असा, आणि पॅनलपर्यंत वायरी पिळून न्या.

मोटर रिलेने उलटसुलट चालत असेल तर नेहमीचा फ्रीव्हील डायोड लावता येत नाही, उलट्या दिशेला तो शॉर्ट होतो. त्याऐवजी दुहेरी टीव्हीएस डायोड, उदाहरणार्थ एसएमबीजे३३सीए, टर्मिनलवर लावा. मोटर एच-ब्रिज आणि पीडब्ल्यूएमवर असेल तर १०० ऐवजी १० नॅनोफॅरड वापरा, नाहीतर प्रत्येक पल्सला ब्रिजला कपॅसिटर भरण्याचा झटका बसतो. चोक ब्रिज आणि कपॅसिटर यांच्या मध्ये असायला हवेत.

आधी शांत असलेली मोटर वर्ष-दोन वर्षांनी गोंगाट करू लागली तर फिल्टरकडे न जाता ब्रश बघा. झिजलेले ब्रश आणि काळा पडलेला कम्युटेटर यांची ठिणगी कपॅसिटरने झाकली जात नाही.

फॉगरच्या पंपाला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, असेल तर त्याच्यावर रेडिओचा संशय सहसा शेवटी घ्यावा. त्याचा गोंगाट मुख्यतः ३० मेगाहर्ट्‌झच्या खाली असतो आणि तो मातीच्या सेन्सरच्या वायरीत घुसून चुकीचे आकडे देतो. पॅकेट पोचतं, पण आतला आकडा उड्या मारतो. तिथे उपाय शील्डवाली मोटर केबल, तिचं शील्ड व्हीएफडीच्या पत्र्याला सगळ्या बाजूंनी पट्टीने आवळलेलं.

पुन्हा मोजणी

आपल्या उदाहरणात अँटेना वर नेल्यावर, दिवे चालू आणि बोर्ड सेलवर असताना, -१०४. वीजपुरवठा सुधारून बोर्ड त्यावर घेतल्यावर आणि जवळचे सहा बल्ब बदलून -१०७. पायापासून फक्त २ डीबी वर, म्हणजे १२ पैकी १० परत मिळाले. जमिनीलगतच्या हिशेबाने पल्ला जवळपास पावणेदोन पट झाला, आणि उंच गेलेल्या अँटेनाला सिग्नलही जास्त मिळतो, तो फायदा वेगळा.

यानंतर खरी चाचणी पॅकेटांची. लांबच्या नोडला दर पाच सेकंदांनी क्रमांक घातलेली २०० पॅकेटं पाठवायला लावा, एकदा दिवे बंद, एकदा चालू, एकदा मोटर फिरत असताना. हरवलेली पॅकेटं मोजा आणि पोचलेल्यांचा सर्वात कमी एसएनआर लिहा. तो स्प्रेडिंग फॅक्टरच्या मर्यादेपेक्षा निदान ६ डीबी वर हवा. पीक वाढून कमरेएवढं झालं आणि पावसाळा लागला की तेवढी उसंत खर्च होते.

हे आकडे पॅनलच्या दारावर आतून चिकटवून ठेवा, तारखेसह. पुढच्या हंगामात कोणी दुकानातून वेगळ्या कंपनीचे बल्ब आणले आणि नोड पुन्हा गप्प झाले, तर पंधरा मिनिटांत कळेल की काय बदललं.